करंगळीकडचे मनगट आणि एमआरआयचा निवाडा

टेनिसपटूचे मनगट करंगळीच्या बाजूला दुखू लागले आणि तळवा वर-खाली वळवताना कळ येऊ लागली, की निदान जवळजवळ ठरल्यासारखे असते: टीएफसीसी फाटला. क्लबातले जुने खेळाडू हेच सांगतात, एमआरआयच्या अहवालातही पुष्कळदा हेच छापून येते आणि मग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते. या मताला आधार नाही असे नाही. टीएफसीसी म्हणजे अल्ना या करंगळीकडच्या हाडाच्या टोकावरची त्रिकोणी कूर्चा आणि तिला धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधांचा गुंता. तळवा वळतो तेव्हा अंगठ्याकडचे रेडियस हे हाड अल्नाभोवती फिरते आणि ही दोन हाडे खालच्या टोकाला मुख्यतः याच गुंत्याने एकमेकांशी बांधलेली असतात. तो फाटला तर हात फिरवताना दुखणारच.

चूक त्याच्या उलट अनुमानात आहे. हात फिरवताना दुखते म्हणून टीएफसीसीच फाटला, हे सिद्ध होत नाही. त्याच जागेपासून बोटभर अंतरावर, मनगटाच्या पाठीकडच्या अंगाला, ईसीयू या स्नायूची कंडरा आहे. रॅकेट खेळणाऱ्यांच्या बाबतीत संशयाचा पहिला मान तिचा आहे. ही कंडरा अल्नाच्या डोक्यावरच्या एका उथळ खोबणीतून जाते आणि तिच्यावर तिचे स्वतःचे, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे घट्ट आवरण असते. तळवा खाली असताना कंडरा बरीचशी सरळ जाते. तळवा वर वळला, मनगट तळव्याकडे वाकले आणि करंगळीच्या दिशेने झुकले, की खोबणीच्या तोंडाशी तिला तीव्र वळण पडते. त्याच क्षणी स्नायू जोराने आवळला, तर ती आवरणाला आतून ढुशी देते. आवरण फाटले, की ती खोबणीबाहेर उडी मारते.

ही तिन्ही वळणे एका वेळी येतात कुठे? खूप वळवलेल्या पकडीने खालचा चेंडू उचलून टॉपस्पिन देणाऱ्या फोरहँडमध्ये, आणि दोन हातांच्या बॅकहँडमध्ये मागच्या हाताच्या मनगटात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे डावे मनगट दुखावले तर घरचे लोक चक्रावतात. पण दोन हातांचा बॅकहँड हा बऱ्याच अंशी डाव्या हाताचा फोरहँडच असतो. उजव्या हाताने खेळणारा अर्जेंटिनाचा हुआन मार्टिन डेल पोत्रो याच्या डाव्या मनगटावर २०१४ आणि २०१५ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या.

नमुन्यादाखल असा एक रुग्ण कल्पावा. वय तिशीच्या आत, उजव्या हाताचा खेळाडू, बॅकहँड दोन हातांचा. खाली राहिलेला चेंडू ताणून घेताना डाव्या मनगटात 'टक्' असा आवाज होतो आणि पाठीकडे करंगळीच्या बाजूला सूज येते. क्ष-किरण चित्र स्वच्छ. तीन आठवडे पट्टा बांधून खेळ चालू. मग एमआरआय, आणि अहवालात 'त्रिकोणी कूर्चेच्या मध्यभागी छिद्र'. दुर्बिणीचा सल्ला मिळतो.

या अहवालात खोटे काहीच नाही, तरी तो निवाडा म्हणून दुबळा आहे. कूर्चेच्या मध्यभागाला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. वयाबरोबर हा भाग झिजतो आणि ज्यांचे मनगट कधी दुखलेच नाही अशा अनेकांच्या चित्रातही तिथे छिद्र दिसते. तेव्हा छिद्र आहे एवढ्यावरून दुखणे त्याचेच, असे म्हणता येत नाही. दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. चित्र काढताना हात बहुधा डोक्यावर ताणून, तळवा खाली करून स्थिर ठेवलेला असतो. याच स्थितीत कंडरा खोबणीत शहाण्यासारखी बसते. जिचा गुन्हा हालचालीत घडतो, तिची झडती ती निजलेली असताना घेतली जाते.

निकाल बोटांनी लावावा लागतो. अल्नाच्या टोकाशी, तळव्याकडच्या बाजूला एक मऊ खळगा असतो. तिथे दाबल्यावर नेमकी तीच कळ उठली, तर टीएफसीसीच्या अल्नाकडच्या मुळाला किंवा शेजारच्या अस्थिबंधाला इजा असण्याचा संभव मोठा. या खुणेची उपयुक्तता २००७ च्या एका अभ्यासात दाखवली गेली. कंडरेसाठी वेगळी युक्ती आहे. कोपर काटकोनात टेबलावर, तळवा पूर्ण वर, मनगट सरळ. तपासणारा अंगठा व मधले बोट धरून ठेवतो आणि रुग्णाला अंगठा बाहेर रेटायला सांगतो. या रेट्यात मनगट सावरण्यासाठी ईसीयू आपोआप आवळतो, सांध्यावर मात्र फारसा ताण येत नाही. पाठीकडे कंडरेवर दुखले, तर बोट तिच्याकडे जाते. कल्पिलेल्या रुग्णात खळगा दुखत नाही, रेडियस व अल्ना एकमेकांवर सैल सरकत नाहीत, अंगठ्याच्या रेट्याला कंडरा दुखते आणि तळवा वर करून मनगट करंगळीकडे झुकवले की ती खोबणीबाहेर येताना त्वचेखाली दिसते. सोनोग्राफीखाली हीच हालचाल करून दाखवली की शंका उरत नाही.

येथे प्रतिपक्षाचा एक मुद्दा वजनदार आहे. निरोगी माणसांतही कंडरा थोडी सरकते, काहींत तर दुखण्याशिवाय सरळ बाहेर येते. मग तिला दोषी कसे धरायचे? उत्तर असे, की सरकणे एकटे पुरेसे नाहीच. सरकण्याच्या क्षणी ओळखीची कळ यावी आणि दुसऱ्या मनगटात तसे घडू नये. तरीही संशय राहिला, तर आवरणात थोडे बधिर करणारे औषध देऊन दुखणे थांबते का ते पाहता येते. शिवाय आवरण टीएफसीसीला लागूनच असल्याने दोन्ही इजा एकत्र असू शकतात. तिसरा संशयितही विसरू नये: रॅकेटच्या मुठीचे टोक तळव्यात रुतून हॅमेट या छोट्या हाडाचा आकडा मोडला असेल, तर दुखणे तळव्याकडे असते आणि साध्या क्ष-किरणात तो मोड सहज निसटतो.

निदान बदलले की उपचारही बदलतात. मनगटाचा पट्टा तळवा वळणे थांबवत नाही, म्हणून ताज्या फाटीत तो फसवा दिलासा ठरतो. स्टेरॉइडचे इंजेक्शन निव्वळ सुजेवर चालेल. फाटलेल्या आवरणात ते वेदना झाकते आणि ऊती दुबळ्या करते. ताज्या फाटीला हवे ते कोपराच्या वरपर्यंतचे प्लास्टर किंवा हात वळू न देणारा साचा: तळवा खाली, मनगट किंचित मागे व अंगठ्याकडे झुकलेले. साधारण सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. त्यानंतर ताकद हळूहळू वाढवत पूर्ण खेळ बहुधा तीन-चार महिन्यांनी. परतताना पकड थोडी कमी वळवलेली ठेवली आणि खालच्या चेंडूसाठी गुडघे वाकवले, तर आवरणावरचा ताण कमी होतो. अनेक महिने जुन्या, वारंवार निसटणाऱ्या कंडरेला मात्र प्लास्टरचा उपयोग कमीच. तिथे आवरण शिवणे, किंवा शेजारच्या पट्टबंधाची पट्टी उलटवून नवे आवरण करणे, आणि खोबणी फारच उथळ असेल तर ती खोल करणे, हे मार्ग उरतात. त्याच वेळी दुर्बिणीतून टीएफसीसीही पाहून घेता येतो.