खेळ अडखळतो का?

दोस्तांनो, सेलूहून आठवीतल्या एका मैत्रिणीचे पत्र आले आहे. ‘काका, माइनक्राफ्टमध्ये साठेक मॉड टाकले. आता खेळ दर चार सेकंदांनी थबकतो. आतेभाऊ म्हणाला, सगळी मेमरी देऊन टाक. ८ जीबीपैकी ७ दिली, तर आणखीनच रखडला!’

आतेभाऊ अर्धाच बरोबर होता बरं का! हा खेळ जावा भाषेत लिहिलेला. संगणकाची मेमरी म्हणजे घर, तर जावाला त्यातली एकच खोली मिळते. खेळताना तिथे पसारा साठतो. खोली भरली, की जावा हातातले काम थांबवून झाडू घेते. तोच तो थबकण्याचा क्षण. मॉड जास्त म्हणजे सामान जास्त. मग मोकळी जागा उरतेच किती? सारखा आपला झाडूच चालू!

पण घरात विंडोजही राहते ना? ७ जीबी जावाने अडवली, की विंडोज आपले सामान हार्डडिस्कवर नेऊन ठेवते, आणि ती तर गोगलगाय. म्हणून ८ जीबीच्या संगणकावर ४ पुरे. लाँचरमध्ये Installations, तिथून Edit, मग More Options उघडा. JVM Arguments च्या ओळीत आधी -Xmx2G असे काही असेल. तेवढाच तुकडा बदला, मध्ये जागा सोडू नका:

```
-Xmx4G
```

आता खेळात F3 दाबा (काही लॅपटॉपवर सोबत Fn). उजवीकडे Mem: पुढचा टक्का चढतो, मग धपकन उतरतो. उतरल्यावर कुठे थांबतो ते पाहा. झाडून झाल्यावरही ८५-९० टक्केच असेल, तर खोली खरोखर लहान आहे. ५० वर येत असेल आणि तरी खेळ संथ असेल, तर मेमरी वाढवून उपयोग नाही. दोष दुसरीकडे आहे.

अशा वेळी Video Settings मधले Render Distance बघा. समजा ते १२ आहे. म्हणजे तुमच्या चारही बाजूंना बारा-बारा चंक. एक चंक म्हणजे १६ बाय १६ ठोकळ्यांचा उभा तुकडा. आता गणित करा: १२ अधिक १२ अधिक तुमचा स्वतःचा १, झाले २५. २५ गुणिले २५ म्हणजे ६२५ चंक! तेच ६ केले तर १३ गुणिले १३, फक्त १६९. अंतर अर्धे झाले, पण काम जवळजवळ चौथाईवर आले. दूरचे डोंगर धुक्यात जातील, एवढाच तोटा. शिवाय सामान घटल्याने खोलीही मोकळी होते. आमच्या मैत्रिणीने आधी ४ जीबी आणि मग अंतर ८ करून पाहावे. तरी अडखळले तर ६.

मात्र एकाच गोठ्यात दोनशे कोंबड्या कोंडल्या असतील, तर हे दोन्ही उपाय फारसे चालणार नाहीत. प्रत्येक कोंबडीची हालचाल प्रोसेसरला मोजावी लागते. तिथे कोंबड्याच कमी करायला हव्यात!