ब्याण्णव टक्के 'हो' आणि एकोणतीस उरलेले डबे

मागच्या वर्षी ईदनंतर आठवड्याभरानं आमची भाची घरी आली, ती हातात दोन सोनेरी डबे घेऊनच. "खाला, हे तुमच्यासाठी," म्हणाली. डबे सुंदर होते. आत बारीक शेवया, बदाम, काजू, पिस्ता, चारोळी, खारीक. शीरखुर्म्याचं सगळं सामान एकाच ठिकाणी. आम्ही कौतुक केलं तर तिचे डोळे भरून आले. असे पन्नास डबे तिनं तयार केले होते. एकेकाला तीनशे रुपये खर्च आला, म्हणजे पंधरा हजार. आणि ही रक्कम तिच्या भिशीची होती. साडेचारशेला एक याप्रमाणे एकवीस डबे गेले, एकोणतीस उरले. साडेपाच हजारांहून जास्त अंगावर पडले, आणि उरलेला पिस्ता पावसाळ्यात खवट होणार हे दिसतच होतं.

"पण खाला, मी विचारलं होतं ना सर्वांना! इन्स्टाग्रामवर पोल टाकला होता. ब्याण्णव टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. मग घेतलं का नाही?"

आम्ही तिला म्हणालो, "बेटा, तुझा प्रश्न दाखव."

प्रश्न असा होता: 'ईदसाठी शीरखुर्म्याचा तयार डबा आणला तर आवडेल का?' खाली दोन पर्याय: 'हो, नक्की!' आणि 'नाही'. साठ जणांनी मत दिलं, पंचावन्न जणांनी 'हो' निवडलं. आता सांगा, ओळखीच्या मुलीनं एवढ्या उमेदीनं विचारलं तर 'नाही' वर बोट कोण ठेवेल? ते 'हो' डब्याला नव्हतं, मुलीला होतं. शिवाय 'आवडेल का' या प्रश्नात ना किंमत होती, ना वजन, ना तारीख.

यंदा रमजानला दोन महिने असताना ती पुन्हा आली. या खेपेला आम्ही दोघींनी मिळून विचारपूस केली. त्यात जे शिकलो ते घरून काही बनवून विकणाऱ्या आपल्या भगिनींच्या उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर सांगतो.

स्टोरीवर विचारायची दोन मुख्य साधनं आहेत. पोलमध्ये पर्याय आपण देतो आणि समोरची व्यक्ती त्यातला एक निवडते. प्रश्नाच्या स्टिकरमध्ये मोकळी चौकट असते, तिथं ती आपल्या शब्दांत लिहिते. शाळेच्या भाषेत सांगायचं तर एक 'योग्य पर्याय निवडा' आणि दुसरं 'थोडक्यात उत्तरे लिहा'. बहुतेक जणी पोलपासून सुरुवात करतात, कारण तो सोपा. पण पर्यायच चुकीचे असतील तर पोल ते कधीच सांगत नाही. तुम्ही दिलेल्या दोन चुकांपैकी लोक एक निवडून मोकळे होतात. म्हणून आधी मोकळा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरांतून पोल. आम्ही हा क्रम ठेवला.

मोकळा प्रश्न कसा विचारायचा, यातही एक ठेच लागली. भाचीनं पहिल्यांदा लिहिलं, 'यंदा ईदसाठी तुम्हाला काय हवंय?' उत्तरं आली चार: दोन 'माशाअल्लाह', एक 'ऑल द बेस्ट' आणि एक 'नवा ड्रेस'. पुढं काय हवं असेल हे माणसाला स्वतःलाच नीट ठाऊक नसतं. मागं काय घडलं ते मात्र आठवतं. दोन दिवसांनी प्रश्न बदलला: 'गेल्या ईदला शीरखुर्म्याच्या तयारीत सर्वांत जास्त वेळ कशात गेला?'

या वेळी एकोणीस उत्तरं आली. ती आम्ही वहीत उतरवून घेतली, ज्याच्या त्याच्या शब्दांत, आपल्या भाषेत न बदलता. मग सारखी वाटली ती एकत्र केली. नऊ जणींनी खारीक आणि बदाम-काजू कापण्याचं लिहिलं होतं. एकीनं लिहिलं, 'चांदरातीला बारा वाजेपर्यंत खारीक कातरत बसते, मेहंदीसुद्धा राहून जाते.' चौघींना चारोळी साफ करणं जिवावर येतं. तिघींनी खवट निघालेल्या पिस्त्याची तक्रार केली. दोघींचं दूध खाली लागलं होतं आणि एकीला दोन लिटर दुधाला मेवा किती घालायचा हे विचारायचं होतं.

भाचीनं दोनदा वही वाचली आणि म्हणाली, "खाला, शेवयांचं नाव कुणीच घेतलं नाही."

खरंच नव्हतं. तिच्या डब्यात सर्वांत जास्त जागा शेवयांची आणि दिमाख डब्याचा. बायकांची अडचण मात्र कापण्याची. मागच्या वर्षी मेवा तिनं अख्खाच दिला होता! त्रास जिथल्या तिथं ठेवून ती वर दीडशे रुपये मागत होती.

आता पोलची पाळी. प्रश्न एकच: 'कापलेल्या मेव्याचं पाकीट कसं हवं?' पर्याय 'शेवयांसह' आणि 'शेवयांशिवाय'. दोन्ही पर्याय सारख्याच वजनाचे ठेवले; एकापुढं 'नक्की' आणि दुसरं नुसतं, असं केलं नाही. अडुसष्ट मतं पडली. 'शेवयांसह' चाळीस, म्हणजे एकोणसाठ टक्के; 'शेवयांशिवाय' अठ्ठावीस. भाची लगेच शेवयांचा भाव काढायला निघाली. आम्ही तिला थांबवलं.

पोलचा आकडा मत देणाऱ्या सर्वांना दिसतो, पण कोणी काय निवडलं हे फक्त खातेदाराला दिसतं. स्टोरी उघडून बोट वर सरकवलं की नावं येतात, प्रत्येकापुढं तिचं मत. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून त्याआधीच स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. खरी माहिती टक्क्यात नाही, या नावांत असते.

आम्ही पोल टाकण्यापूर्वीच वहीत एक चाळणी लिहून ठेवली होती: जी आमच्याच शहरात राहते, म्हणजे जिच्याकडं पाकीट पोचवता येईल, आणि जी घरचा किराणा स्वतः आणते, तिचं मत वेगळं मोजायचं. हे आधी लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे. निकाल बघून मग चाळणी ठरवली तर मन आपल्या सोयीची मतं ठेवतं आणि गैरसोयीची गाळतं. उत्तरपत्रिका बघून गुण ठरवण्यासारखं.

चाळणीतून सव्वीस जणी उरल्या. त्यांत 'शेवयांसह' सात आणि 'शेवयांशिवाय' एकोणीस. निकाल पार उलटा! बाकीच्या बेचाळीस जणांत परगावचे नातेवाईक, कॉलेजच्या मैत्रिणी आणि असाच धंदा करणारे होते. त्यांना 'सगळं एकत्र' छान वाटलं, पण त्यांच्या घरी खरेदी दुसरंच कुणी करतं.

उरलेल्या एकोणीसपैकी तिघींना भाचीनं खासगीत निरोप पाठवून कारण विचारलं. तिघींचं उत्तर जवळपास एकच: घरात ठरलेल्या दुकानाच्याच शेवया लागतात, सासूबाई दुसऱ्या चालवून घेत नाहीत. टक्केवारी 'काय' ते सांगते, 'का' ते विचारावंच लागतं.

आणखी एक प्रयोग फसला, तोही सांगतो. हाच पोल तिनं मोहल्ल्यातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकला. तिथं कोणी काय निवडलं हे गटातल्या सर्वांना दिसतं, आणि स्वतः मत देण्याआधीच दिसतं. गटातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आपांनी पहिलं मत दिलं, मागून अकरा जणींनी तेच दिलं. ते आम्ही मोजलंच नाही. इन्स्टाग्रामवर मत दिल्यानंतरच निकाल दिसतो, म्हणून तिथला कौल जरा मोकळा असतो. मात्र फोन न वापरणाऱ्या बायका त्यात नसतात. अशा सहा घरी आम्ही स्वतः जाऊन विचारून आलो.

शेवटी किंमत. 'दोनशे की तीनशे?' असा पोल टाकू नये. स्वस्त पर्याय सोडून महाग कोण निवडेल? आधी हिशेब केला. दोन लिटर दुधासाठी बदाम, काजू आणि खारीक प्रत्येकी पन्नास ग्रॅम, पिस्ता आणि चारोळी प्रत्येकी पंचवीस. एकूण दोनशे ग्रॅम. खारीक भिजवून कापली तर पाकिटात बुरशी धरेल, म्हणून ती कोरडीच अडकित्त्यानं कातरायची. पाकिटासकट खर्च सव्वादोनशे, विक्री तीनशे. मग पाकिटाचा साधा फोटो, वजन आणि किंमत लिहून तीन पर्याय दिले: 'बुक करते', 'किंमत जास्त वाटते', 'यंदा नको'. मतं पासष्ट आली: एकतीस, चौदा आणि वीस.

एकतीस बघून भाचीचा चेहरा उजळला. पण आम्ही ठरवलं होतं की शंभर रुपये आगाऊ आल्याशिवाय 'हो' धरायचा नाही. तिनं त्याच दिवशी एकतीस जणींना निरोप पाठवला. पैसे आले बारा जणींचे. बोट ठेवणं आणि पैसे पाठवणं यांत एवढं अंतर असतं, आणि मागच्या वर्षीचे एकोणतीस डबे त्याच अंतरात अडकले होते.

बारांवर थोडी भर घालून तिनं वीस पाकिटं केली. चांदरातीपर्यंत अठरा गेली, दोन घरी वापरली. पाच हजार चारशे आले, साडेचार हजार खर्च झाले, नफा नऊशे. रात्री नऊनंतर आणखी पाच जणींचे फोन आले आणि तिला नाही म्हणावं लागलं. त्या पाच जणींची नावं तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत. पुढच्या रमजानआधी पहिला निरोप त्यांनाच जाईल.