विश्लेषण : तलवार राजा ठरवते का? भवानी तलवारीची कथा आणि खानदेशातला १७०७चा पेच

सावदा : दसऱ्याला घराघरांत शस्त्रपूजन होते. केळीच्या बागेतल्या विळ्या-कोयत्यापासून देवघरात जपलेल्या जुन्या तलवारीपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागते. त्याच सुमारास मोबाइलवर एक छायाचित्र हमखास फिरू लागते, ‘हीच ती भवानी तलवार, आई तुळजाभवानीने शिवरायांना दिलेली, आज लंडनमध्ये’. त्याखाली वाद सुरू होतो. कुणी म्हणते तलवार साताऱ्यात आहे, कुणी म्हणते इंग्रजांनी नेली. पण देवाने, पाण्याने किंवा दगडाने दिलेली तलवार राजाच्याच हाती का येते, या कथा नेमक्या केव्हा जन्माला येतात आणि त्यांनी खरोखर कधी कुणाचे राज्य ठरवले का, हे प्रश्न त्या वादात मागे पडतात. त्यांचे उत्तर शोधताना एक महत्त्वाचा धागा आपल्या खानदेशात सापडतो.

दगडातली आणि पाण्यातली तलवार म्हणजे काय?

इंग्लंडच्या राजा आर्थरच्या दंतकथेत दोन तलवारी आहेत आणि अनेकदा त्यांची गल्लत होते. पहिली दगडात रुतलेली. ती जो उपसेल तोच राजा, अशी अट. दुसरी एक्सकॅलिबर, सरोवरातल्या देवतेने दिलेली. आर्थर मरणाच्या दारात असताना ती पुन्हा पाण्यात टाकली जाते.

व्हिएतनाममध्ये हीच गोष्ट ले लोई या राजाबद्दल सांगतात. चिनी मिंग सत्तेविरुद्ध त्याने दहा वर्षे लढा दिला आणि १४२८ मध्ये तो राजा झाला. कथा अशी की, एका कोळ्याच्या जाळ्यात तलवारीचे पाते वारंवार अडकले आणि तिची मूठ ले लोईला वडाच्या झाडावर मिळाली. राज्य मिळाल्यावर सरोवरातल्या सुवर्णकासवाने ती तलवार परत मागितली. हनोईतल्या त्या तळ्याचे नावच ‘होआन किएम’, म्हणजे ‘परत केलेली तलवार’.

आपल्याला हे नवे वाटायला नको. खांडववनाच्या प्रसंगी अग्नीच्या विनंतीवरून अर्जुनाला गांडीव धनुष्य देणारा वरुण हा जलांचाच देव. महाप्रस्थानाच्या वेळी अर्जुन ते धनुष्य पाण्यातच सोडतो. आणि दगडातली तलवार उपसण्याची अट ही सीतास्वयंवरातल्या शिवधनुष्याच्या अटीची सख्खी बहीण आहे. इतरांना जे हलत नाही, ते योग्य माणसाला सहज उचलता येते.

अशा कथा केव्हा जन्मतात?

राज्यावरचा हक्क निर्विवाद असेल तर अशा कथेची फारशी गरज पडत नाही. बापाच्या मागे मुलगा शांतपणे गादीवर बसतो तेव्हा त्याला दगडातून काही उपसून दाखवावे लागत नाही. आर्थर कुणाचा मुलगा हे कुणाला ठाऊक नसते, तो दुसऱ्याच्या घरी वाढलेला असतो. ले लोई राजघराण्यातला नव्हता. म्हणजे जिथे जन्माचा पुरावा तोकडा पडतो किंवा त्यावर शंका घेतली जाते, तिथे तलवार साक्षीला येते.

शिवरायांच्या बाबतीतही हेच दिसते. त्यांनी वारशाने आलेली जहागीर सांभाळली नाही, तर नवे राज्य उभे केले. आदिलशाहीच्या आणि मुघलांच्या नजरेत ते बंडखोर होते. अशा राज्याला देवीचा कौल असणे याला तेव्हा मोठा अर्थ होता.

मग तुळजाभवानीने तलवार दिली का?

महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदाने लिहिलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत ग्रंथात अफजलखानाच्या भेटीपूर्वी देवी महाराजांना दर्शन देते. तिथे ती आपण त्यांच्या तलवारीत वास करीत असल्याचे सांगते. म्हणजे तलवार महाराजांचीच, देवी तिच्यात आली. ‘देवीने तलवार हाती दिली’ हे आज घरोघरी असलेल्या चित्रातले दृश्य आणि हे वर्णन यांत फरक आहे. तलवार माणसाने घडवलेली आणि सामर्थ्य देवीचे, असा तो जुना विचार आहे.

कोकणात आणखी एक हकीकत सांगितली जाते. सावंत घराण्यातल्या एका सरदाराला फिरंग्यांच्या जहाजावर उत्तम पाते मिळाले आणि ते महाराजांनी ३०० होन देऊन घेतले, असे त्यात म्हणतात. ही हकीकत काटेकोर पुराव्याने सिद्ध करणे कठीण आहे. पण त्या काळच्या शस्त्रव्यवहाराशी ती जुळते. लांब, सरळ, युरोपात बनलेल्या पात्याला मराठी मूठ बसवायची आणि त्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणायचे, ही तेव्हाची सर्रास पद्धत होती. पाते समुद्रमार्गे यायचे. त्या अर्थाने आपल्याकडेही तलवार पाण्यातूनच आली, फक्त ती देणारी जलदेवता नव्हती, व्यापारी गलबत होते.

खानदेशाचा संबंध कुठे येतो?

तलवारीची खरी परीक्षा इथे झाली. १६८९ मध्ये रायगड पडला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू, वय अवघे सात, आई येसूबाईंसह औरंगजेबाच्या कैदेत गेले. पुढची सुमारे अठरा वर्षे ते मुघल छावणीत वाढले. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात म्हटले आहे की, शाहूंच्या लग्नाच्या वेळी औरंगजेबाने रायगडावर हाती लागलेल्या दोन तलवारी त्यांना परत दिल्या. एक शिवरायांची भवानी, दुसरी अफजलखानाची. ही हकीकत खरी मानली तर राज्यचिन्ह वारसाच्या हाती आले, पण शत्रूच्या हातून.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला. मे महिन्यात शहजादा आझमशहाच्या उत्तरेकडे निघालेल्या छावणीतून शाहूंची सुटका झाली. नर्मदा ओलांडून ते खानदेशात उतरले आणि आजच्या धुळे तालुक्यातल्या लामकानी (इतिहासग्रंथांत लांबकानी) इथे त्यांनी तळ दिला. सोबत फारसे सैन्य नव्हते.

तिकडे साताऱ्यात महाराणी ताराबाईंनी मुघलांशी सात वर्षे झुंज देऊन राज्य टिकवले होते. त्यांनी दोन मुद्दे मांडले. एक, हा शाहू नव्हेच, हा मुघलांनी उभा केलेला तोतया. दुसरा, संभाजी महाराजांचे राज्य गेले, राजाराम महाराजांनी ते पुन्हा उभे केले, म्हणून हक्क त्यांच्या मुलाचा. दुसरा मुद्दा दुबळा मुळीच नव्हता.

जन्मावर शंका, हाती परंपरेची तलवार आणि समोर दुसरा दावेदार, असा दंतकथेला शोभेल असा हा पेच होता. कथेच्या नियमाने भवानी म्यानाबाहेर येताच वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही.

मग वाद कसा सुटला?

माणसांनी सोडवला. खानदेशात असतानाच परसोजी भोसले आपले सैन्य घेऊन शाहूंना मिळाले. एवढा नामांकित सरदार सोबत आला, याचा अर्थ इतरांना कळला. शाहू खरेच आहेत का याची खातरजमा माणसे पाठवून झाली. ताराबाईंनी सरदारांकडून दूध-भातावर हात ठेवून निष्ठेच्या शपथा घेतल्या होत्या. पण १२ ऑक्टोबर १७०७ ला खेडजवळ दोन्ही सैन्ये समोरासमोर आली तेव्हा सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे वळले. या वळणामागे बाळाजी विश्वनाथांची मध्यस्थी होती. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला.

आर्थरची कथाही नीट वाचली तर वेगळी नाही. मॅलरीच्या १४८५ मध्ये छापलेल्या ग्रंथात आर्थर तलवार उपसतो, तरी सरदार त्याला मानत नाहीत. सणामागून सण ते निर्णय पुढे ढकलतात, तो पुन्हा पुन्हा तलवार उपसून दाखवतो. शेवटी सामान्य लोक ओरडून सांगतात की आम्हाला हाच राजा हवा, आणि मग सरदार गुडघे टेकतात. तलवार बाहेर आली होती कधीच. राजा झाला तो लोकांनी मानल्यावर.

आज भवानी तलवार कुठे आहे?

साताऱ्याच्या जलमंदिर राजवाड्यात भवानी म्हणून पूजली जाणारी तलवार आहे. दसऱ्याला तिची मिरवणूक निघते. तिच्यावरच्या देवनागरी अक्षरांत शाहूंचे नाव आहे. लंडनच्या राजसंग्रहातली तलवार वेगळी. ती १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या गादीकडून भेट गेली आणि कोल्हापूरच्या नोंदींत तिचे नाव ‘जगदंबा’ आहे. तिचेही पाते युरोपीय असून त्यावर ‘आयएचएस’ हा ख्रिस्ती ठसा आहे. १९८० नंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी लंडनहून ‘भवानी’ आणण्याची घोषणा केली, तेव्हा हा गोंधळ राज्यभर पसरला आणि तो अजून पुरता शमलेला नाही.

तलवारीचा काळ कसा ओळखतात, हेही यानिमित्ताने समजून घ्यावे. पाते आणि मूठ वेगवेगळ्या काळातले असू शकतात, कारण चांगले पाते पिढ्यानपिढ्या वापरले जाई आणि मूठ बदलली जाई. पात्यावरच्या युरोपीय ठशावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. नावाजलेल्या ठशांची नक्कल भारतातही होत असे. कोरलेले नाव मात्र मर्यादा घालते. ज्या राजाचे नाव आहे, त्याच्या जन्माआधी ते कोरले जाणे शक्य नाही. म्हणून साताऱ्याच्या तलवारीवरची अक्षरे शाहूकाळातली किंवा नंतरची ठरतात. पाते त्याआधीचे असू शकते, पण ते अक्षरांवरून सिद्ध होत नाही.

नावाचा उपयोग काय, याचे ताजे उदाहरण नागपूरकर रघुजी भोसले यांच्या तलवारीचे. राज्य सरकारने २०२५ मध्ये ती लंडनच्या लिलावातून विकत घेतली. पाते फिरंगी, पण त्यावर सोन्याच्या अक्षरांत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हे पद. त्यामुळे ती कुणाची यावर वाद झाला नाही. हे रघुजी परसोजींच्याच घराण्यातले. खानदेशात शाहूंना सर्वांत आधी मानणाऱ्या सरदाराच्या वंशात सेनासाहेबसुभा हे पद पुढे चालत राहिले.

म्हणून तलवार परत आणण्याची घोषणा होते तेव्हा विचारायचे प्रश्न साधे आहेत. तिच्यावर कुणाचे नाव आहे, ती कोणत्या वर्षी कुणाच्या हातून कुणाकडे गेली, आणि नोंद कुठे आहे? जगदंबेला जगदंबा आणि शाहूंच्या तलवारीला शाहूंची म्हटल्याने शिवरायांचे काही कमी होत नाही. उलट चुकीची पाटी लावली तर ज्या वस्तूचा पुरावा आहे तिच्यावरही लोक शंका घेऊ लागतात. लामकानीत मात्र या इतिहासाला पाटीही नाही मिळाली, तर तो तोटा आपलाच. मराठ्यांचा राजा कोण, याचा निकाल लागायला सुरुवात झाली ती खानदेशच्या मातीत, आणि तो लावणारी माणसे होती.