चुलतकाका ब्रिटनच्या व्हिसात ‘काका’ नसतो!

आपल्याकडे वडिलांचा चुलतभाऊ म्हणजे काकाच. काटोलमध्ये कुणी मुलीला ‘तो सख्खा काका की चुलत?’ असे विचारले, तर तिला राग येईल. पण शाळकरी मुलीला आई-वडिलांशिवाय इंग्लंडला पाठवायचे असेल, तर हाच प्रश्न सर्वात आधी विचारावा लागतो आणि त्याचे खरे उत्तर कागदावर लिहावे लागते.

काका कोणाला म्हणायचे?

ब्रिटनचा ‘चाइल्ड स्टुडंट’ व्हिसा 4 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तो फक्त फी घेणाऱ्या खासगी शाळांसाठीच मिळतो. मूल तिथे कोणाकडे राहणार, हे अर्जात सांगावे लागते. आजी-आजोबा, भाऊ-बहीण, सावत्र आई-वडील आणि आई-वडिलांचे सख्खे किंवा सावत्र भाऊ-बहीण एवढेच ‘जवळचे नातेवाईक’ धरले जातात. चुलतकाका, आतेमामा, आईची मैत्रीण, गाववाले हे सगळे या यादीबाहेर राहतात.

समजा, काटोलची 14 वर्षांची मुलगी लेस्टरला वडिलांच्या चुलतभावाकडे राहून शिकणार आहे. सोळा वर्षांखालचे मूल अशा व्यक्तीकडे 28 दिवस किंवा त्याहून जास्त राहणार असेल, तर त्याला तिथे ‘प्रायव्हेट फॉस्टरिंग’ म्हणतात. याची सूचना मूल राहायला येण्याच्या किमान सहा आठवडे आधी तिथल्या कौन्सिलला द्यावी लागते. त्या सूचनेची प्रत आणि कौन्सिलने दिलेली पोच व्हिसाच्या अर्जाला जोडावी लागते.

सूचना मिळाल्यावर सोशल वर्कर घरी येतो, मुलीची खोली पाहतो, घरातल्यांशी बोलतो. मुलगी राहायला आल्यावर पहिल्या वर्षी किमान दर सहा आठवड्यांनी त्याची भेट ठरलेली असते. अनेकांना हा आपल्या घरावरचा अविश्वास वाटतो. माझ्या मते, ही भेट मुलीच्या फायद्याची आहे.

त्यामागे एक मृत्यू आहे. आयव्हरी कोस्टची व्हिक्टोरिया क्लिम्बी चांगल्या शिक्षणाच्या आशेने वडिलांच्या आत्याबरोबर युरोपात आली. फेब्रुवारी 2000 मध्ये, आठव्या वर्षी, लंडनमध्ये त्याच घरातल्या छळाने ती मेली. आई-वडील हजारो किलोमीटर दूर होते. त्यांनी नात्यावर विश्वास ठेवला होता. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीचा अहवाल 2003 मध्ये आला आणि त्यानंतर हे नियम कडक झाले.

पत्रात काय लिहायचे?

आपल्याकडे इथेच गडबड होते. अनेक जण स्टॅम्प पेपरवर ‘मुलीचे पालकत्व अमुक यांना देत आहोत’ असे लिहून नोटरी करतात. आई-वडील हयात आणि सक्षम असताना अशा कागदाने भारतीय कायद्यात पालकत्व बदलत नाही. व्हिसालाही ते नको असते. त्याला हवी असते संमती. आई आणि वडील दोघांनी सही केलेल्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: मुलीशी आपले नाते, अर्जाला संमती, प्रवासाची व तिथे उतरून घेण्याची सोय आणि ती राहणार त्या घराला संमती. मुलगी एकाच पालकाच्या पूर्ण जबाबदारीत असेल, तर त्याचा पुरावा लागतो.

चुलतकाकाने वेगळे पत्र द्यायचे. त्यात घराचा पत्ता, मुलीशी नेमके नाते, सांभाळण्याची हमी आणि खर्चाची तयारी असावी. जन्मदाखल्यात आई-वडिलांची नावे पासपोर्टप्रमाणेच आहेत का, हे आधीच पाहून घ्या. ‘सुनीता’ एकीकडे आणि ‘सुनिता’ दुसरीकडे असेल, तर अर्ज करण्यापूर्वीच दुरुस्ती करून घेतलेली बरी.

तयार नमुन्यातली पत्रे सरसकट ‘अंकल’ असा शब्द घालतात. त्यावर सही करू नका. चुलतकाकाला सख्खा काका दाखवले आणि ते उघड झाले, तर तो फक्त शब्दांचा घोळ राहत नाही. फसवणूक ठरल्यास अर्ज फेटाळला जातो आणि दहा वर्षांपर्यंत व्हिसाची दारे बंद होऊ शकतात. ‘वडिलांचा चुलतभाऊ’ एवढे साधे वाक्य पुरते.

दुसरा देश, दुसरा नियम

हेच पत्र कॅनडासाठी चालणार नाही. तिथे ‘कस्टोडियन’ नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही, पण तो कॅनडाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी हवा आणि मुलाच्या घराजवळ-शाळेजवळ राहणारा हवा. तिथला ठरलेला फॉर्म दोन भागांत असतो. कस्टोडियन आपल्या भागाची नोटरी कॅनडात करतो आणि आई-वडील त्यांच्या भागाची भारतात.

म्हणून आधी देश ठरवा, मग घर, मग पत्र. लेस्टरच्या घरात चुलतकाकाला सोशल वर्करची भेट नकोशी वाटत असेल, तर मुलीसाठी वसतिगृह असलेली शाळा शोधणे अधिक योग्य. दार उघडायला जो कचरतो, त्याच्याकडे लेक ठेवण्याआधी दोनदा विचार करावा.