न मिळालेल्या भाड्यावर कर

गेल्या महिन्यात नात्यातले एक भाचे आमच्याकडे आयकराचे कागद घेऊन आले. नोकरी भिवंडीत, तिथला फ्लॅट स्वतःचा. चिपळूणकडे गावी स्वतः बांधलेले घर, ईद आणि मे महिन्यापुरते उघडणारे. तिसरा फ्लॅट पुण्यात, मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला. मुलगा आता दुबईला, फ्लॅटला कुलूप. ते म्हणाले, "मामू, एक पैसा भाडं आलेलं नाही आणि फॉर्म भरणारा म्हणतो की भाडं दाखवा. हे खोटं बोलणं नाही का?"

नाही. कायद्यात घराचा कर मिळालेल्या भाड्यावर नसून घराच्या वार्षिक मूल्यावर आहे. घर वर्षभरासाठी दिले तर वाजवी भाडे किती येईल, ते वार्षिक मूल्य. प्रत्यक्ष भाडे त्याहून जास्त आले तर तो आकडा धरतात; काहीच आले नाही म्हणून मूल्य शून्य होत नाही.

यामागचा विचार जुना आणि इंग्रजी आहे. पन्नास लाख हाती असलेल्या दोन माणसांपैकी एकाने घर घेऊन भाड्याने दिले आणि दुसऱ्याने घर घेऊन त्यात स्वतःच बिऱ्हाड थाटले. पहिला भाड्यावर कर भरतो. दुसऱ्याचे तेवढेच भाडे वाचते, म्हणजे जणू तो स्वतःलाच भाडे देतो. इंग्लंडने राहत्या घरावरचा हा कर 1963 साली काढून टाकला. आपल्याकडे 1922 च्या कायद्यातून तो 1961 च्या कायद्यात आला. न मिळालेली रक्कम 'उत्पन्न' कशी, आणि हा इमारतीवरचा, म्हणजे राज्यांच्या हातातला कर नाही का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. भगवानदास जैन खटल्यात 1981 साली न्यायालयाने हा कर वैध ठरवला. राहत्या घराबाबत हा विचार आम्हाला पटतो. कुलूप लावलेल्या घरात मात्र मालकाचे काय वाचते, ते आम्हाला आजही नीट उमगलेले नाही.

पुढे सूट वाढत गेली. बरीच वर्षे एकच राहते घर शून्य मूल्याचे धरत आणि दुसऱ्यापासून मानीव भाडे सुरू होई. 2019 च्या अर्थसंकल्पाने दोन घरे शून्यावर आणली. दुसरीकडे नोकरी किंवा धंदा असल्यामुळेच घर रिकामे आहे, ही अटही 2025 मध्ये गेली. आता कोणत्याही कारणाने राहता येत नसले तरी चालते. म्हणून फक्त दोन घरे असलेल्यांनी काळजी करू नये. आमच्या भाच्यांची घरे तीन होती.

कोणती दोन 'राहती' धरायची हे मालकच ठरवतो, आणि इथेच पैसे वाचतात किंवा जातात. पुण्याच्या फ्लॅटसारख्या फ्लॅटला त्याच सोसायटीत महिना 15 हजार भाडे आहे, म्हणजे वर्षाला 1,80,000. भरलेली घरपट्टी 8,000 वजा केली की 1,72,000 उरतात. त्यातून दुरुस्तीची ठरीव 30 टक्के सूट, म्हणजे 51,600 गेले. उरले 1,20,400. भाचे 20 टक्क्यांच्या दरात असल्याने उपकरासह कर सुमारे 25 हजार होतो. गावच्या घराला महिना 2,000 धरले आणि 3,000 घरपट्टी वजा केली, तर उत्पन्न 14,700 आणि कर तीन हजारांच्या आसपास. (घरपट्टी त्या वर्षात खरोखर भरलेलीच वजा होते, थकलेली नाही.) तेव्हा गावचे घर 'मानीव भाड्याचे' दाखवणे स्वस्त, असे आम्ही म्हणालो.

मग कर्जाचा कागद निघाला. पुण्याच्या फ्लॅटवर वर्षाचे 1,50,000 व्याज जात होते. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही. मानीव भाड्याच्या घराची मिळते. मग पुण्याचाच फ्लॅट मानीव भाड्याचा धरला तर 1,20,400 मधून व्याज वजा होऊन काही उरत नाही, आणि गावचे घर शून्यावर येते. तिन्ही घरांवर कर नाही. व्याज जास्त निघून जो तोटा दिसतो, तो मात्र नव्या प्रणालीत पगारातून वळता करता येत नाही. आमचा पहिला सल्ला आम्ही तिथेच मागे घेतला. कर्ज फिटत आले आणि व्याज घटले की हे गणित उलटेल; निवड दर वर्षी नव्याने करता येते.

जाताना त्यांनी आणखी एक कागद पुढे केला. कुणीतरी सुचवले होते की गावचे घर बीवीच्या नावे हिबा करावे, म्हणजे आपल्या नावावर दोनच घरे राहतील. मोबदल्याशिवाय पत्नीला दिलेल्या घराचा मालक आयकर कायदा देणाऱ्यालाच मानतो. हिबा कितीही पक्का असला तरी करासाठी घरे तीनच राहतात. हेच अज्ञान मुलाला दिलेल्या घरालाही लागू. सज्ञान मुलाला दिले तर घर खरोखर त्याचे होते. त्यांचा मुलगा 24 वर्षांचा आहे, पण पुण्याचा फ्लॅट एवढ्यात त्याच्या नावे करायची त्यांची तयारी नव्हती. हिब्याचा मसुदा त्यांनी घडी करून पिशवीत परत ठेवला.