ताप उतरला, मूठ मिटेना

पावसाळा ओसरू लागला की कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या भागांतल्या दवाखान्यांत एक ठरावीक रुग्ण दिसू लागतो. ताप केव्हाच गेलेला असतो, पण सकाळी पाऊल टेकवलं की घोट्यांतून कळ येते, मूठ मिटत नाही, बाटलीचं झाकण फिरत नाही. दवाखान्यात येण्याआधीच त्याला दोन सल्ले मिळालेले असतात. घरची मंडळी सांगतात, ताप हाडांत मुरलाय, हलू नकोस, शेक घे, महिनाभर पडून राहा. कामावरचे सांगतात, एक इंजेक्शन घे आणि उद्यापासून ये. हे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींची चूक एकच आहे. चिकुनगुनियाचं दुखणं पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच असतं, असं दोघेही धरून चालतात.

घरच्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. डास चावल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी ताप चढतो आणि त्याबरोबरच घोटे, मनगटं, बोटांचे सांधे दोन्ही बाजूंनी धरतात. तेव्हा विषाणू रक्तात असतो, सांध्यांच्या अस्तराला सूज आलेली असते आणि विश्रांती खरोखरच लागते. मात्र शेकाचा सल्ला याच दिवसांत सर्वांत चुकीचा ठरतो. गरम पाण्याच्या पिशवीने सुजलेला सांधा अधिक ठणकू शकतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवणं अधिक बरं. शेकाची वेळ पुढे येते. सूज ओसरून नुसता सकाळचा ताठरपणा उरला की कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवावीत, त्याने आराम पडतो.

महिनाभर निजून राहण्याचं मात्र समर्थन करता येत नाही. ताप गेल्यावरही न हलवलेला सांधा आखडतो, आजूबाजूचे स्नायू ढिले पडतात आणि मग जे दुखतं त्यात विषाणूचा वाटा किती आणि पडून राहण्याचा किती, हे सांगणं कठीण होतं.

आता इंजेक्शनवाल्यांचं म्हणणं. रोजंदारीवरच्या माणसाला आठवडाभर घरी बसणं परवडत नाही, हे खरं आहे आणि त्याची घाई मी हसण्यावारी नेणार नाही. पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया हे दोन्ही आजार एडिस डासच पसरवतो, त्यांचा हंगामही एकच असतो आणि क्वचित एकाच माणसाला दोन्ही होतात. डेंग्यू नाही अशी खात्री होण्याआधी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. स्टिरॉइडचंही तसंच. पहिल्या आठवड्यात त्याला जागा नाही. दुखणं दोन दिवस दबतं, औषध थांबलं की उसळून येतं, आणि मधुमेह असेल तर साखर चढते ती वेगळीच. सुट्या, नाव नसलेल्या गोळ्यांच्या पुड्यांनी ‘चमत्कार’ झाला, तर त्यांत स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी.

मग करायचं काय? पोळीभाजी केंद्रात काम करणारी, पन्नाशीला आलेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. तिला ताप आणि घोटेदुखी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात तिला पॅरासिटामॉल पुरेसं आहे: ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाची एकूण मात्रा तीन ग्रॅमच्या आत. सर्दीतापाच्या मिश्र गोळ्यांतही तेच औषध असतं, ते या हिशेबात धरायचं. यकृताचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांनाच विचारावी. पाणी, पेज, ताक भरपूर. दिवसाही मच्छरदाणी, कारण एडिस दिवसा चावतो आणि या आठवड्यात तिला चावलेला डास घरातल्या दुसऱ्याला आजारी पाडू शकतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांपैकी काहीही दिसलं, विशेषतः ताप उतरताना, तर डेंग्यूचा धोका समजून लगेच रुग्णालय गाठायचं.

ताप गेला की तिने उठायचं. घरात फिरायचं, बोटं उघडायची-मिटायची, मनगट गोल फिरवायचं, बसून घोटे वर-खाली करायचे. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. मर्यादा ओळखायची खूण सोपी आहे. व्यायामानंतर दुखणं तासा-दोन तासांत पूर्वीइतकं झालं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर कालचं जास्त झालं. कणीक तिंबणं, पोळ्या लाटणं आणि ओले कपडे पिळणं मात्र सर्वांत शेवटी सुरू करायचं, कारण ही तिन्ही कामं नेमक्या सुजलेल्या मनगटावर जोर देतात. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, रगडून मालिश करायला आहे. डेंग्यू नसल्याची खात्री झाली, मूत्रपिंड आणि पोट ठीक असलं, तर या टप्प्यावर डॉक्टर दुखणं कमी करणारी दुसरी औषधं देऊ शकतात.

आणखी एका समजाने मोठं नुकसान होतं. दोन महिन्यांनी कोणी रक्त तपासतं, आयजीएम पॉझिटिव्ह येतं आणि घरात हाय खातात की विषाणू अजून अंगात आहे. आयजीएम म्हणजे विषाणू नव्हे, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. ती कित्येक महिने रक्तात राहू शकतात. पुन्हा पुन्हा ही तपासणी करण्यात पैसा जातो, उपचार बदलत नाही. निदानासाठी तिचा उपयोग तापाच्या पाच-सहा दिवसांनंतर होतो. त्याआधी विषाणूच शोधणारी आरटी-पीसीआर अधिक उपयोगी.

‘एकदा चिकुनगुनिया झाला की जन्माचा संधिवात’ हेही मला मान्य नाही. महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली होती, नंतर तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००६ मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांत परतला. इतक्या लोकांना होऊन गेलेल्या या आजारात बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. काहींचं मात्र तीन महिन्यांपलीकडे, क्वचित वर्षांपर्यंत राहतं. चाळिशी ओलांडलेल्या, आधीच सांध्यांचा आजार असलेल्या आणि सुरुवातीला फार तीव्र दुखलेल्या रुग्णांत, तसंच स्त्रियांत हे जास्त दिसतं. दुखणं कमी-जास्त होत राहतं; चार दिवस बरे गेल्यावर पाचव्या दिवशी मनगट सुजलं म्हणजे आजार परतला असं नव्हे.

म्हणून पहिल्या महिन्यातच कोणाला आमवाताचा रुग्ण ठरवणं घाईचं आहे, आणि तिसऱ्या महिन्यानंतरही ‘चिकुनगुनियाचंच आहे, जाईल’ म्हणत बसणं तितकंच चूक आहे. आपल्या पोळीवाल्या बाईला तीन महिन्यांनंतरही बोटांना सूज असेल, सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल किंवा रात्री हाताला मुंग्या येऊन झोप मोडत असेल, तर तिने संधिवाततज्ज्ञांकडे जावं. तिथे आमवातासारख्या आजाराच्या तपासण्या होतील आणि गरज पडल्यास मेथोट्रेक्सेटसारखी औषधं देखरेखीखाली सुरू होतील. एकच सांधा लाल, गरम होऊन पुन्हा ताप भरला, तर मात्र तीन महिने कशाला, त्याच दिवशी दाखवायचं. तो जंतुसंसर्ग असू शकतो.