सांगावे केव्हा, शोधू द्यावे केव्हा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली शिक्षण शोधप्रधान व्हावे असा आग्रह धरला, तेव्हापासून वर्गात समजावून सांगणारा शिक्षक जणू अपराधी ठरू लागला आहे. घोकंपट्टीचा वीट आम्हांसही आहे. तथापि समजावून सांगणे म्हणजे घोकंपट्टी नव्हे. अनेक वर्षे खडू हाती धरल्यामुळे या वादाकडे आम्ही अलिप्तपणे पाहू शकत नाही. म्हणून मतापेक्षा पुराव्याकडे पाहणे बरे.

अमेरिकेतील क्लार व निगम या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मननीय आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना उतरत्या फळ्या व चेंडू देण्यात आले. फळीचा चढ, तिचा पृष्ठभाग, घसरणीची लांबी व चेंडूचा प्रकार, या चारही गोष्टी बदलता येत. चढामुळे चेंडू लांब जातो काय, हे पाहायचे तर बाकीच्या तीन गोष्टी सारख्याच ठेवल्या पाहिजेत. मुले मात्र एक फळी उभी व गुळगुळीत, दुसरी उतरती व खडबडीत अशी मांडीत. मग चेंडू लांब गेला तो कशामुळे, हे कळावे कसे? एका गटाला शिक्षकाने बऱ्यावाईट मांडण्या दाखवून त्यांतील दोष समजावला. दुसऱ्याला त्याच साहित्याशी स्वतःच प्रयोग करू दिले. पुढे चारांपैकी तीन प्रयोग तरी निर्दोष मांडणारी मुले पहिल्या गटात शेकडा ७७, तर दुसऱ्यात अवघी २३ निघाली. स्वतः शोधणाऱ्यांचे ज्ञान अधिक खोल असते, हा समजही टिकला नाही. इतरांच्या प्रयोगांतील दोष हेरण्यात, ज्यांना पद्धत साधली होती ती दोन्ही गटांतील मुले सारखीच ठरली.

कारण उघड आहे. चुकीची मांडणीही काही ना काही उत्तर देतेच. आपण चुकलो हे फळी सांगत नाही. पूर्वज्ञान नसलेल्या मुलाला ते माणसानेच सांगावे लागते.

परंतु एवढ्याने भाषणबाजीचा विजय झाला असे कोणी समजू नये. डीन व कून यांनी २००७ साली दाखवले की, एकदाच सांगून सोडून दिलेल्या मुलांची आघाडी काही महिन्यांत ओसरते; दीर्घ सराव घेणारीच टिकतात. सिंगापूरमध्ये मनू कपूर यांनी माध्यमिक विद्यार्थ्यांना आधी खेळाडूंच्या गोलांचे आकडे देऊन सातत्य मोजण्याची रीत स्वतःच योजण्यास सांगितले व त्यानंतर प्रमाण विचलन शिकवले. आधी शिकवलेल्यांपेक्षा या मुलांना संकल्पना अधिक उमगली. मात्र सरासरी त्यांना आधीच येत होती, आणि अडखळल्यावर शिक्षकाचे विवेचन ठरलेलेच होते.

तेव्हा विषय नवा असेल तर सांगावे, पाया असेल तर आधी झुंजू द्यावे, आणि दोन्ही वेळी वर्गात फिरून मुलांच्या वह्या पाहाव्यात. आमच्या मते शिक्षकाचे मौन ही पद्धत नव्हे. ते कधी मोडावे, हे ठरवण्याचा अधिकार परिपत्रकाने त्याच्याकडून काढून घेऊ नये.